पाच कॅम्पेन आणि तीच ६४ हजार माणसं

फोंड्याच्या एका काजू दुकानाची ही गोष्ट आहे. दुकान दोन पिढ्यांचं, काजूगर स्वतःच्या भट्टीतले, जोडीला कोकम, आगळ, आणि चतुर्थी जवळ आली की नेवऱ्यांचे डबे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वेबसाइट काढली आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती सुरू केल्या. दुकान काकू सांभाळतात, ऑनलाइन विक्री त्यांचा मुलगा बघतो. २०२५ च्या जुलैमध्ये त्याने मला फोन केला, कारण चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि खर्च वाढवूनही ऑर्डर जागच्या हलत नव्हत्या. दुकानाची ओळख पटू नये म्हणून नाव देत नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत, पण हिशेब जसाच्या तसा आहे.

मी फोंड्याला गेलो तेव्हा मुलाने लॅपटॉप उघडायच्या आधीच काकूंनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या भाचीने म्हापशाहून स्क्रीनशॉट पाठवले होते. तीन जाहिराती, एकाच संध्याकाळच्या, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आलेल्या. पहिलीत काजूगरांची वाटी, दुसरीत चतुर्थीची पेटी, तिसरीत "तुम्ही काहीतरी विसरलात" असं म्हणणारी तीच काजूगरांची वाटी. खाली भाचीने लिहिलं होतं, "मावशी, पुरे आता." काकू म्हणाल्या, "दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा हेच बोलतात. तुमचे काजू बघून बघून कंटाळलो म्हणतात. आणि हा म्हणतो, जाहिरात फार थोड्यांपर्यंत जाते."

दोघंही खरं बोलत होते.

अकाउंटमध्ये गोव्यासाठी पाच कॅम्पेन चालू होती आणि रोजचा एकूण खर्च ३,००० रुपये होता. मुंबई-पुण्यासाठी एक वेगळं कॅम्पेन होतं, ते पुढे उपयोगी पडलं. खालच्या तक्त्यात इम्प्रेशन म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली, रीच म्हणजे ती किती वेगवेगळ्या माणसांना दिसली, आणि फ्रीक्वेन्सी म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा. लुकअलाइक म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांसारखी नवी माणसं शोधणारं कॅम्पेन, आणि रिटार्गेटिंग म्हणजे वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर येऊन गेलेल्यांना पुन्हा गाठणारं. १४ ते २७ जुलै या चौदा दिवसांचे गोव्याचे आकडे असे:

| कॅम्पेन | खर्च (₹) | इम्प्रेशन | रीच | फ्रीक्वेन्सी | ऑर्डर |
|---|---|---|---|---|---|
| सर्वसाधारण | ९,८०० | १,०५,००० | ५०,००० | २.१ | २४ |
| आवडीनिवडी | ८,४०० | ८४,००० | ४०,००० | २.१ | १४ |
| लुकअलाइक | ७,००० | ५६,००० | २०,००० | २.८ | १३ |
| रिटार्गेटिंग | ७,००० | ५०,४०० | १२,००० | ४.२ | ६१ |
| चतुर्थी पेटी | ९,८०० | ९८,००० | ४९,००० | २.० | १८ |

मुलगा रोज हाच तक्ता बघत होता, आणि एकेक ओळ बघितली तर काही चुकतंय असं वाटत नाही. दोन आठवड्यांत माणसाला जाहिरात दोनदा दिसणं म्हणजे काहीच नाही. रिटार्गेटिंगमध्ये चार वेळा दिसली तरी कुणी हरकत घेणार नाही. म्हणून त्याने ठरवलं की लोकांपर्यंत आपण पुरेसे पोहोचत नाही आणि आणखी एक कॅम्पेन हवं. चतुर्थी पेटीचं पाचवं कॅम्पेन त्यातूनच आलं होतं.

मी त्याला तक्त्याची सगळ्यात खालची ओळ बघायला सांगितली. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये पाच कॅम्पेन निवडली की तळाशी एकूण बेरीज येते. इम्प्रेशन आणि खर्च यांची तिथे सरळ बेरीज असते. रीचची नसते. एकच माणूस तीन कॅम्पेनमध्ये आला तरी तळाच्या ओळीत तो एकदाच मोजला जातो. वरच्या पाच रीच मिळवल्या तर १,७१,००० होतात, तळाच्या ओळीत ६४,००० होते. एकूण इम्प्रेशन ३,९३,४०० होती.

```
Frequency = Impressions / Reach
393400 / 64000 = 6.1
```

म्हणजे ज्या माणसाला जाहिरात दिसली, त्याला ती सरासरी सहा वेळा दिसली. तीही सरासरीच. पाचही कॅम्पेनच्या कक्षेत येणारा माणूस घेतला आणि प्रत्येकात तो सरासरीइतकाच धरला, तर त्याच्या वाट्याला तेरा येतात. काकूंची भाची अशा माणसांतली. तिने गेल्या वर्षी वेबसाइटवरून काजू मागवले होते, इन्स्टाग्रामवर दुकानाला फॉलो करत होती, आणि खाण्यापिण्याची पानं बघण्याची तिला आवड. पाचही दारांतून ती आत येत होती.

आता हे आच्छादन नक्की कुठे आहे ते शोधायचं होतं. त्यासाठी मेटाच्या ऑडियन्स विभागात दोन याद्या निवडून `Show audience overlap` दाबण्याची सोय आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मला ती या कामासाठी अपुरी वाटते. पहिली अडचण अशी की ती टक्केवारी कुठल्या यादीच्या तुलनेत आहे यावर सगळं अवलंबून असतं. दोन लाखांची यादी आठ लाखांच्या यादीत पूर्ण सामावलेली असेल, तर एका बाजूने आच्छादन शंभर टक्के दिसतं आणि दुसऱ्या बाजूने पंचवीस. कुठली यादी आधी निवडली ते लक्षात नसेल तर माणूस उलटाच निष्कर्ष काढतो. दुसरी अडचण मोठी आहे. ती सोय याद्यांमध्ये कोण कोण आहे एवढंच सांगते. जाहिरात प्रत्यक्ष कुणाला दिसली हे तिला माहीत नसतं. दोन याद्यांत निम्मी माणसं सामायिक असली आणि दोन्ही कॅम्पेनचा पैसा उरलेल्या निम्म्यांवर खर्च झाला, तर काहीच बिघडलं नाही. उलट, सामायिक माणसं थोडी असली पण दोन्ही कॅम्पेन त्यांच्याच मागे लागली, तर सगळंच बिघडलं.

म्हणून मी तळाच्या ओळीवरूनच जोड्या लावतो. दोन कॅम्पेन निवडायची, तारखा त्याच ठेवायच्या, दोघांच्या रीचची बेरीज करायची आणि तळाची रीच त्यातून वजा करायची. उरतील ती दोघांनीही गाठलेली माणसं. सर्वसाधारण आणि चतुर्थी पेटी यांची बेरीज ९९,०००, तळाची ओळ ५८,०००. म्हणजे ४१,००० माणसं दोन्हीकडे. सर्वसाधारण कॅम्पेनने गाठलेल्या दर शंभर माणसांतली ब्याऐंशी पेटीच्या कॅम्पेननेही गाठली होती. मग सर्वसाधारण आणि रिटार्गेटिंग: बेरीज ६२,०००, तळाची ओळ ५१,५००. रिटार्गेटिंगच्या १२,००० माणसांतली साडेदहा हजार सर्वसाधारणमध्येही होती. मेटाची रीच हा अंदाज असतो, त्यामुळे शे-दोनशेचा फरक मनावर घेऊ नये, पण इथे प्रश्न हजारांचा होता.

आवडीनिवडीचं कॅम्पेनही असंच इतरांत मिसळलं होतं, याचं मुलाला आश्चर्य वाटलं. त्याने सुका मेवा, मिठाई, स्वयंपाक अशा आवडी निवडल्या होत्या, त्यामुळे तो गट वेगळाच असणार असं त्याने धरलं होतं. सेटिंग उघडून बघितलं तर अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्स चालू होतं. ते चालू असलं की आवडी आणि लुकअलाइक या दोन्ही गोष्टी मेटासाठी फक्त सूचना ठरतात. तिथे ऑर्डर मिळायची शक्यता कमी वाटली तर यंत्रणा बाहेरच्या माणसांकडे जाते. बंधन म्हणून पाळली जातात ती ठिकाण, किमान वय आणि वगळलेल्या याद्या यांसारखी मोजकी नियंत्रणं. म्हणजे सर्वसाधारण, आवडीनिवडी, लुकअलाइक आणि चतुर्थी पेटी या चार नावांखाली प्रत्यक्षात एकच मागणी होती: गोव्यातला जो कुणी ऑर्डर देईल तो. वेबसाइटवर कोण काय करतं ते मेटाला कळवणारा कोड म्हणजे पिक्सेल. चारही कॅम्पेन एकाच पिक्सेलकडून शिकत होती, त्यामुळे "ऑर्डर देईल तो" याचं चौघांचं उत्तरही बहुतेक सारखंच यायचं.

गोव्यात हे जास्त बोचतं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५. त्यातून लहान मुलं वजा करा, या माध्यमांवर नसलेले वजा करा, मग महाग काजू घरपोच मागवणारे किती उरतात ते बघा. महाराष्ट्रभर जाहिरात करणाऱ्याची पाच कॅम्पेन कदाचित पाच दिशांना जातील. गोव्यात ती म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, वास्को एवढ्यातच फिरून पुन्हा त्याच दारात येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुलाने विचारलं, "म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध बोली लावत होतो आणि भाव चढवत होतो?" शब्दशः तसं होत नाही. जाहिरात दाखवायची प्रत्येक संधी मेटा लिलावात काढतं, आणि कॅम्पेनच्या आत जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवणारा भाग म्हणजे अ‍ॅड सेट. एकाच जाहिरातदाराचे दोन अ‍ॅड सेट एकाच माणसासाठी एकाच लिलावात पात्र ठरले, तर मेटा त्यातला जास्त एकूण मूल्याचा अ‍ॅड सेट आत सोडतं आणि दुसऱ्याला बाहेर ठेवतं. एकूण मूल्यात तीन गोष्टी येतात: बोली, हा माणूस अपेक्षित कृती करेल याची अंदाजी शक्यता, आणि जाहिरातीचा दर्जा. तेव्हा स्वतःच्या दोन बोली एकमेकींना वर ढकलत नाहीत.

नुकसान दुसऱ्या वाटेने होतं. बाहेर राहिलेल्या अ‍ॅड सेटचा दिवसाचा पैसा तर खर्च व्हायचाच असतो. तो पुढच्या लिलावाची वाट बघतो आणि तासाभराने तोच माणूस पुन्हा फोन उघडतो तेव्हा आत शिरतो. प्रत्येक अ‍ॅड सेटला स्वतःच्या माणसाला दोनदाच गाठल्यासारखं दिसतं, पण माणसाच्या बाजूने ती पाचवी किंवा सहावी वेळ असते. सहाव्या वेळी त्याने बोट ठेवायची शक्यता पहिल्यापेक्षा कमी असते. शक्यता घटली की एकूण मूल्य घटतं, आणि तोच लिलाव जिंकायला बोलीचा वाटा वाढवावा लागतो. लुकअलाइकमध्ये हजार इम्प्रेशनना १२५ रुपये पडत होते, सर्वसाधारणमध्ये ९३. भाव चढतो तो असा, कंटाळलेल्या माणसाच्या मागे लागून.

फ्रीक्वेन्सीला मर्यादा घालता येत नाही का, हेही त्याने विचारलं. ठरावीक दिवसांत ठरावीक वेळाच दाखवा अशी मर्यादा जागरूकतेच्या उद्दिष्टात घालता येते, पण ती त्या अ‍ॅड सेटपुरती असते. पाच अ‍ॅड सेटना दोन-दोनची मर्यादा घातली तरी माणसाला दहा दिसू शकतात. ऑर्डरसाठी चालवलेल्या कॅम्पेनमध्ये ती मर्यादा घालता येत नव्हतीच.

दुसरं नुकसान शिकण्याचं. नवा अ‍ॅड सेट आठवड्याला सुमारे पन्नास ऑर्डर गोळा करू शकला तर तो शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर येतो, नाहीतर त्याच्यापुढे `Learning limited` असं दिसतं. इथे पाचही ओळींत ते दिसत होतं. चौदा दिवसांत एकूण १३० ऑर्डर, म्हणजे आठवड्याला ६५. एका ठिकाणी असत्या तर पन्नासचा आकडा सहज ओलांडला असता. पाच ठिकाणी वाटल्यामुळे सगळ्यात पुढे असलेलं रिटार्गेटिंगही तिशीच्या आसपास अडकलं.

रिटार्गेटिंगजवळ आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मुलाचा सगळ्यात जास्त विश्वास त्यावर होता. ७,००० रुपयांत ६१ ऑर्डर, म्हणजे ऑर्डरमागे ११५ रुपये. आवडीनिवडीत तोच आकडा ६००. साहजिकच त्याला वाटत होतं की बाकी सगळं बंद करून रिटार्गेटिंगच वाढवावं. पण मेटा एक ऑर्डर एकाच जाहिरातीच्या खात्यात टाकतं, आणि ती बहुधा माणसाने शेवटी जिच्यावर क्लिक केलं तिच्या. क्लिक नसेल तर नुकती बघितलेल्या जाहिरातीच्या. रिटार्गेटिंगची माणसं वेबसाइटवर गेल्या १८० दिवसांत आलेली किंवा इन्स्टाग्रामवर गेल्या ३६५ दिवसांत काहीतरी प्रतिसाद दिलेली. चतुर्थीला त्यातली कितीतरी तशीही मागवणार होती. जाहिरात त्यांच्या वाटेत उभी होती, म्हणून ऑर्डर तिच्या नावावर.

हे नुसतं बोलून पटत नाही. काकूंकडे एक वही होती. प्रत्येक ऑनलाइन ऑर्डरचा फोन नंबर, गाव आणि वजन त्या हाताने लिहितात, कारण पॅकिंग त्याच वहीवरून होतं. त्या चौदा दिवसांत गोव्यातून वहीत २१४ ऑर्डर होत्या, मेटाच्या १३० आणि बाकीच्या व्हॉट्सअ‍ॅप, फोन वगैरेंवरून. आम्ही तिघं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एकेक नंबर जुन्या वह्यांशी ताडून बघत होतो. पहिल्या पानावर काकू नुसत्या नंबरावरून "ही कुर्टीची, दर दोन महिन्यांनी एक किलो नेते" असं सांगत होत्या. दुपार संपेपर्यंत कळलं की २१४ पैकी ६१ नंबर नवे होते, उरलेले १५३ जुनी गिऱ्हाइकं. त्या १५३ मध्ये काकूंनी नावानिशी ओळखलेली कितीतरी माणसं होती, आणि आम्ही त्यांना रोज "तुम्ही काहीतरी विसरलात" म्हणत होतो.

मुलाला तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने महाग पडतं म्हणून आवडीनिवडीचं कॅम्पेन तीन दिवस बंद ठेवलं होतं. रोजच्या ऑर्डर नऊच्या आसपास होत्या, त्या नऊच राहिल्या. खर्च मात्र दिवसाला ६०० रुपयांनी कमी झाला. त्याने ते योगायोग समजून पुन्हा चालू केलं. एक कॅम्पेन बंद करून एकूण ऑर्डर हलत नसतील, तर त्या कॅम्पेनची माणसं दुसऱ्या कॅम्पेनकडे आधीपासून होती असं समजायला हरकत नाही. माझ्या मते आच्छादनाची याहून स्वस्त आणि याहून खरी चाचणी नाही.

उपाय म्हणून दोन मार्ग होते. एक, पाच कॅम्पेन ठेवून प्रत्येकातून दुसऱ्याच्या याद्या वगळायच्या. हा मार्ग नीटनेटका दिसतो, पण मला तो इथे नको होता. वगळायला यादी लागते, आणि सर्वसाधारण व चतुर्थी पेटी यांच्यात वगळण्यासारखी यादीच नव्हती, दोन्ही सगळ्या गोव्यासाठी उघडी होती. शिवाय वगळल्याने पन्नास ऑर्डरचा प्रश्न सुटत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सगळं एकत्र करणं. २९ जुलैला पाचही कॅम्पेन थांबवली आणि गोव्यासाठी एकच कॅम्पेन, त्यात एकच अ‍ॅड सेट सुरू केला. आधीच्या कॅम्पेनमधल्या चांगल्या चार जाहिराती त्यात घेतल्या, त्याही जुन्याच पोस्टवरून, म्हणजे त्यांच्याखाली लोकांनी दिलेल्या प्रतिक्रिया तशाच राहिल्या. रिटार्गेटिंग वेगळं ठेवलं नाही, ओळखीची माणसं या अ‍ॅड सेटमध्ये येणारच होती. गेल्या २० दिवसांत ज्यांनी मागवलं त्यांना मात्र वगळलं. पिक्सेलला फोनवरच्या ऑर्डर कळत नाहीत, म्हणून वहीतले नंबर ग्राहक यादी म्हणून चढवले. त्यातले सगळे जुळत नाहीत, तेव्हा ही चाळण थोडी गळकीच असते.

रोजचे ३,००० रुपये तेवढेच ठेवले. मुलाला ते २,४०० करायचे होते. मी नको म्हटलं, कारण रचना आणि पैसा दोन्ही एकदम बदललं असतं तर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता आलं नसतं. मुंबई-पुण्याच्या कॅम्पेनला हातही लावला नाही.

पहिले सहा दिवस वाईट गेले. ३ ऑगस्टपर्यंत १८,००० रुपये खर्च झाले आणि ऑर्डर आल्या ४४, म्हणजे एकीला ४०९ रुपये. मुलाने दोनदा फोन केला की निदान रिटार्गेटिंग तरी परत चालू करू. काकू काही बोलल्या नाहीत, पण चतुर्थीचा माल भरलेला होता आणि त्या गप्प राहण्याचं ओझं मला जाणवत होतं. या दिवसांत बजेट, ऑडियन्स किंवा जाहिराती यांत मोठा बदल केला की शिकण्याचा टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून आम्ही काहीही केलं नाही. ४ ऑगस्टला पन्नास ऑर्डर पूर्ण झाल्या आणि शिकण्याची खूण गेली.

४ ते १७ ऑगस्ट या चौदा दिवसांत तेवढ्याच ४२,००० रुपयांत ४,०४,००० इम्प्रेशन मिळाली, रीच १,०१,००० झाली, फ्रीक्वेन्सी ४.० वर आली. मेटाच्या हिशेबात ऑर्डर १७१, म्हणजे ऑर्डरमागे ३२३ वरून २४६ रुपये. वहीत २६८ ऑर्डर होत्या आणि त्यातले ११८ नंबर नवे. म्हणजे ६१ नव्या गिऱ्हाइकांच्या जागी जवळजवळ दुप्पट. जुन्यांच्या ऑर्डर १५३ च्या जागी १५०. त्यांच्यामागचा वेगळा पैसा पूर्ण काढून घेतला, तरी ती माणसं जिथल्या तिथे होती.

या आकड्यांवर एक डाग आहे आणि तो दाखवायलाच हवा. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा मध्य सारखे नसतात. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती, मागून चतुर्थी येत होती, विक्री तशीही वाढली असती. मुंबई-पुण्याचं कॅम्पेन तसंच ठेवलं होतं ते यासाठी. तिथे ऑर्डरमागचा खर्च त्याच काळात ३१० वरून २८० वर आला, म्हणजे साधारण दहा टक्के सणाचे. गोव्यात घट चोवीस टक्के होती. मधला फरक आम्ही एकत्रीकरणाच्या नावावर टाकतो, आणि तोही अंदाजच, कारण मुंबईत आणि गोव्यात सण सारखाच चढतो असं नाही. वाईट गेलेले सहा दिवसही तुलनेत धरलेले नाहीत. ते धरले तर वीस दिवसांत ६०,००० रुपये आणि २१५ ऑर्डर, म्हणजे एकीला २७९ रुपये पडतात.

मुंबई-पुणे वेगळं ठेवणं बरोबर आहे का, हे नंतर विचारलं गेलं. बरोबर आहे, तिथे कुरिअरचा खर्च आणि पेटीची किंमत वेगळी, आणि माणसंही वेगळी. फक्त गोव्यात एक बारकी गळती राहते. गोवा हे ठिकाण निवडलं की राहणारे आणि नुकते येऊन गेलेले दोघंही त्यात येतात. पुण्याचं कुटुंब चार दिवस कळंगुटला राहून गेलं की काही काळ ते दोन्ही कॅम्पेनच्या कक्षेत असतं. तळाच्या ओळीत या दोन कॅम्पेनची सामायिक माणसं तीन हजारांच्या आत होती, म्हणून ते तसंच सोडलं. डिसेंबरात, पर्यटक भरलेले असताना, ते पुन्हा मोजावं लागेल.

एका अ‍ॅड सेटची एक मोठी अडचण मात्र आम्हाला पुरती सुटलेली नाही, आणि लोक पुन्हा पुन्हा नवी कॅम्पेन काढतात त्याचं खरं कारण तीच आहे. सप्टेंबरच्या शेवटी दिवाळीच्या पेटीची नवी जाहिरात त्याच अ‍ॅड सेटमध्ये टाकली. आठवडाभरात तिच्यावर जेमतेम ९०० रुपये खर्च झाले, बाकी सगळा पैसा काजूगरांच्या वाटीच्या जुन्या जाहिरातीकडे गेला. जिच्यावर ऑर्डर येतात हे आधीच माहीत आहे, त्या जाहिरातीकडेच यंत्रणा वळते. मुलाचा फोन आला, "दादा, दिवाळीसाठी वेगळं कॅम्पेन काढू का? हिला कुणी बघतच नाही."

मी त्याला आधी जुन्या जाहिरातीची गेल्या सात दिवसांची फ्रीक्वेन्सी विचारली. २.९ होती, आणि तिचा ऑर्डरमागचा खर्च तीन आठवडे हळूहळू चढत होता. मग आम्ही वाटीची जाहिरातच थांबवली. दोन दिवस ऑर्डर सहावर घसरल्या, तिसऱ्या दिवसापासून दिवाळीच्या पेटीला पैसा मिळू लागला आणि आठवड्याअखेर रोजच्या दहा झाल्या. वाटीचा फोटो काकूंना फार आवडतो, त्यांनीच काढलेला आहे. तो आता दुकानाच्या दारावर मोठा करून लावला आहे.